विषय : ‘सिस्टिमची कार्यक्षमता ९५ टक्के’ असा कोटेशनमधला दावा आणि घरात मोजलेले ७२ टक्के

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

महोदय,

आपण आमच्या घरी बसवलेली ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी आणि तिचा इन्व्हर्टर-चार्जर यांबद्दल ही लेखी तक्रार आहे. आपल्या माणसाने भेटीत ‘ॲप बघा, ९५ टक्के दिसतंय’ एवढंच सांगितलं. ॲप खोटं बोलत नाही. पण ते बॅटरीच्या टर्मिनलवर आत गेलेले आणि बाहेर आलेले युनिट भागून आकडा दाखवतं. घराला जे युनिट मिळतात, ते इन्व्हर्टरच्या पलीकडे मोजावे लागतात.

म्हणून आम्ही इन्व्हर्टर-चार्जरच्या एसी इनपुटला एक आणि आउटपुटला एक, असे दोन मीटर लावून सात दिवस नोंद घेतली. सुरुवात आणि शेवट दोन्ही वेळी बॅटरी पूर्ण भरलेली होती. हे पाळलं नाही तर हिशेबच चुकतो. रोज दुपारी सुमारे तीन तास सोलरवर चार्जिंग आणि संध्याकाळी चार तास वापर, असा क्रम होता. आठवड्यात ३५ युनिट आत गेले, २५.२ युनिट बाहेर आले. म्हणजे ७२ टक्के. उरलेल्या ९.८ युनिटची उष्णता झाली. ती नेमकी कुठे झाली, ते आपल्याच ॲपमधले बॅटरीचे आकडे मध्ये ठेवून कळतं.

३५ पैकी ३२.२ युनिट बॅटरीपर्यंत पोचले, म्हणजे चार्जरने २.८ खाल्ले. बॅटरीतून ३०.६ परत आले, म्हणजे तिथे फक्त १.६ गेले. बॅटरीबद्दल आमची तक्रार नाही. अशा सेलमध्ये जेवढे अँपिअर-अवर जातात, जवळजवळ तेवढेच परत येतात. फरक व्होल्टेजचा असतो. अर्धी भरलेली असताना आमची बॅटरी चार्ज होताना ५४ व्होल्ट दाखवते, वापरताना ५१.४. हा फरक सेलच्या आतल्या रोधामुळे पडतो आणि त्याचीच उष्णता होते. करंट दुप्पट केला तर ही उष्णता साधारण चौपट होते, म्हणून ९५ टक्के कोणत्या करंटला आणि किती तापमानाला मोजले ते सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. केबलवरही संशय नको. २९ अँपिअरला दोन्ही केबल मिळून जेमतेम ६० मिलिव्होल्ट पडतात आणि केबलच्या टोकांचे लग थंड आहेत.

खरी गळती पुढे आहे. बॅटरीने दिलेल्या ३०.६ पैकी घरात आले २५.२. मधले ५.४ युनिट गेले कुठे? रात्री तीन वाजता आउटपुटचा एमसीबी पाडून बॅटरीच्या केबलवर डीसी क्लॅम्पमीटर लावला. घरात एकही दिवा नसताना ०.६ अँपिअर, म्हणजे सुमारे ३२ वॅट चालूच होते. हीटसिंकला हात लावला तर कोमट, कारण लोड असो वा नसो, इन्व्हर्टर २३० व्होल्ट तयार ठेवतो. त्यातले मॉस्फेट नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच सतत उघडझाप करत राहतात आणि ट्रान्सफॉर्मरचा गाभा सेकंदाला ५० वेळा चुंबकित होतो. दिवसाचे १७ रिकामे तास धरले तर आठवड्याला ३.८ युनिट नुसते तयार राहण्यात जातात. उरलेले १.६ हे प्रत्यक्ष लोड चालवतानाचं नुकसान. ते वाजवी आहे.

पाच किलोवॅट-अवरच्या बॅटरीला हा भार मोठा आहे. आत टाकलेलं युनिट दहा रुपयांचं धरलं, तर ९५ टक्क्यांच्या हिशेबाने बाहेर येणारं युनिट १०.५३ रुपयांना पडायला हवं, पडतं १३.८९ रुपयांना. कोटेशनमधला ‘परतफेडीचा काळ’ आपण पहिल्या आकड्यावर काढला आहे.

शिवाय हे सगळं आपल्या माणसांनी दार लावलेल्या कपाटात बसवलं. रोज सरासरी १.४ युनिट उष्णता, त्यातला बराचसा भाग त्याच कपाटात. सेल किंचित गरम असले की रोध थोडा कमी होतो हे खरं, पण सतत उष्ण राहिले तर त्यांचं आयुष्य घटतं, आणि वॉरंटीत तापमानाची अट आपणच घातली आहे.

आमच्या मागण्या अशा : मॅन्युअलमध्ये असलेला पण आमच्या फर्मवेअरमध्ये बंद ठेवलेला पॉवर सेव्ह मोड चालू करून द्यावा. रिकामा वापर ८ वॅटवर आला तर आमच्या हिशेबाने एकूण कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येते. ते शक्य नसेल तर कमी रिकाम्या वापराचा इन्व्हर्टर बदलून द्यावा. कपाटाला वर-खाली जाळी बसवून द्यावी. आणि ९५ टक्क्यांचा चाचणी अहवाल करंट, तापमान आणि मोजणीच्या जागेसह लेखी पाठवावा.

दोन्ही मीटरच्या रोजच्या नोंदी आणि क्लॅम्पमीटरचा फोटो सोबत जोडला आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या दाव्याची तक्रार ग्राहक आयोगाकडे करू.

कळावे,
आपले ग्राहक