तक्रार: आतिथ्य प्रमाणपत्र अभ्यासक्रमातलं अ‍ॅलर्जीचं प्रकरण आणि प्रश्नपत्रिकेतलं चुकीचं उत्तर

प्रति,
प्रशिक्षण विभाग प्रमुख

महोदय,

आमच्या कोल्हापुरातल्या खानावळीतल्या 14 जणांनी आपला आतिथ्य सेवेचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केला आणि सगळे पास झाले. तक्रार त्या पास होण्याबद्दलच आहे. अ‍ॅलर्जीच्या प्रकरणात चुकीचं उत्तर लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळाले आहेत.

प्रश्न असा होता: जेवताना ग्राहकाला खोकला सुरू झाला, अंगाला खाज सुटली आणि आवाज घोगरा झाला, तर काय कराल? आपल्या उत्तरपत्रिकेनुसार त्याला पाणी द्यायचं, मोकळ्या हवेत फिरवून आणायचं, अ‍ॅलर्जीची गोळी द्यायची आणि 15 मिनिटं वाट पाहायची.

यातली एकही गोष्ट करायची नसते. जेवता जेवता आवाज बदलला म्हणजे घशाच्या आत सूज येऊ लागली आहे. सोबत खाज आणि खोकला असेल तर ती अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी समजूनच चालायचं. अशा वेळी पाणी घशाखाली न उतरता श्वासनलिकेत जाऊ शकतं. चालवणं तर त्याहून घातक. या अवस्थेत रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब घसरतो. माणसाला उभं केलं की हृदयाकडे परतणारं रक्त आणखी कमी होतं, आणि नुसतं उठून उभं राहिल्यावर माणसं कोसळून दगावल्याच्या नोंदी आहेत. गोळीनं खाज आणि गांधी कमी होतात, पण घशाची सूज आणि रक्तदाब यांवर तिचा उपयोग नाही. शिवाय तिचा असर व्हायला अर्धा तास तरी जातो. उलट गांधी ओसरलेल्या दिसल्या की सगळेच निर्धास्त होतात आणि वेळ हातची जाते.

उपाय एकच, अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. ग्राहकाकडे स्वतःचं इंजेक्शनचं पेन असेल तर ते पिशवीतून काढून द्यावं, त्यावर लिहिल्याप्रमाणे वापरायला मदत करावी (पॅंटवरून टोचलं तरी चालतं) आणि वेळ लिहून ठेवावी. पाच मिनिटांत फरक पडला नाही आणि दुसरं पेन असेल, तर तेही द्यावं. आपल्याकडे अशी पेनं फार कमी जणांजवळ असतात, म्हणून 108 ला फोन लगेच आणि गोळीच्या आधी. फोनवर ‘चक्कर आली’ असं सांगू नये, ‘जेवणातल्या अ‍ॅलर्जीनं श्वास अडकतोय’ असं सांगावं. त्याच वेळी दुसऱ्यानं ग्राहकाला जागेवरच आडवं करून पाय उंच करावेत. दम लागत असेल तर पाय पसरून बसू द्यावं, पण उभं करू नये. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवावं. बरं वाटलं तरी घरी सोडू नये, कारण काही तासांनी हाच त्रास परत उसळू शकतो.

आता कोल्हापूरच्या तीन गोष्टी. अभ्यासक्रम दुसरीकडे लिहून इथे नुसता भाषांतरित केल्याचं यांतून कळतं.

पहिली, तिखट. आमच्याकडे तांबडा रस्सा ओरपणाऱ्याला ठसका लागला, कान लाल झाले, घाम फुटला, तर कुणी मान वर करून बघत नाही. अ‍ॅलर्जीची सुरुवातही अशीच दिसू शकते, म्हणून फरक शिकवायला हवा. तिखटाची आग पहिल्या घासालाच जिभेवर लागते, नाक-डोळे वाहतात आणि हात थांबवला की हळूहळू उतरते. अ‍ॅलर्जी काही मिनिटांनी, कधी तासा-दोन तासांनीही सुरू होते आणि जेवण थांबवलं तरी वाढत जाते: आवाज बदलतो, गिळताना घास अडकतो, जीभ-ओठ सुजतात, श्वासात शिटी वाजते, उलटी होते, चेहरा लाल होण्याऐवजी पांढराफटक पडतो. अंगावर काहीच उठलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण 10 ते 20 टक्के जणांत त्वचेवर काहीच दिसत नाही. आणि तिखटावर दूध-दही देण्याची सवय आहे, पण ग्राहकाला दुधाचीच अ‍ॅलर्जी असेल तर?

दुसरी, ‘पित्त’. ग्राहक ‘पित्त उठलंय’ म्हणाला तर तो गांधींबद्दल बोलत असतो. वाढपी मात्र आम्लपित्त समजून सोडा आणून देतो. वाढप्याचा एकच प्रश्न पुरेसा आहे: अंगावर की पोटात?

तिसरी आपल्याला विनोदी वाटेल. पुस्तकात ‘श्वास थांबल्यास सीपीआर द्या’ असं लिहिलं आहे. कोल्हापुरात सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. आमच्या दोघांनी परीक्षेत ‘रिक्षानं सीपीआरला नेऊ’ असं लिहिलं आणि तपासणाऱ्यानं गुणही दिले. तिथे ‘छाती दाबा, मिनिटाला 100 ते 120 वेळा’ असं सरळ लिहा.

आता ग्राहकांच्या प्रश्नांबद्दल. ‘यात काजू आहेत का?’ या प्रश्नावर आपलं पुस्तक आत्मविश्वासानं उत्तर द्यायला सांगतं. पांढऱ्या रश्शाचंच घ्या. मटणाच्या अळणीत नारळाचं दूध, तीळ, खसखस आणि बहुतेक ठिकाणी काजूचं वाटण. एखादा आचारी काजू घालत नाही, त्याच्या सुट्टीच्या दिवशी दुसरा घालतो. म्हणून वाढप्यानं आठवणीवर कधीच बोलू नये. ‘विचारून सांगतो’ म्हणावं, नेमकी कशाची अ‍ॅलर्जी आहे ते विचारावं, आणि त्या दिवशी वाटण ज्यानं केलं त्यालाच विचारून यावं. तयार मसाला वापरला असेल तर पुडीवरची यादी वाचावी. खात्री नसेल तर ‘आमच्याकडे खात्री देता येत नाही’ हेच बरोबर उत्तर.

पण खरी गफलत पुढेच होते. ऑर्डर घेणारा एक असतो आणि रश्शाची भांडी घेऊन पंगतभर फिरणारा दुसरा. पहिल्याला सांगितलेलं दुसऱ्याला ठाऊक नसतं, आणि वाटी रिकामी दिसली की तो पळी ओततो. तीच पळी पांढऱ्यातून तांबड्यात जाते, तेव्हा फक्त तांबडा मागणाराही सुटत नाही. अशा ताटाला आग्रहाची वाढ बंद, वाटी आतून वेगळी भरून यावी, टेबलावर रंगीत चिठ्ठी असावी. चुकून काजूचं वाटण पडलं तर वरचे तुकडे वेचून तेच ताट पुढे करू नये, सगळं नवं वाढावं. हातही साबणानं धुवावेत, कारण सॅनिटायझरनं शेंगदाण्याचा अंश निघत नाही.

आपली अ‍ॅलर्जीची यादी एफएसएसएआयच्या 2020 च्या नियमांतली आहे. त्यात दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, काजू-बदाम वगैरे आठ गट आहेत. यादी बरोबर आहे, पण तीळ तिच्यात नाही. अमेरिकेत 2023 पासून तिळाचा उल्लेख बंधनकारक आहे. आमच्या तर निम्म्या रश्शांत तीळ असतात. ‘यादीत नाही म्हणजे धोका नाही’ असं आमची पोरं समजून बसली आहेत.

आमच्या मागण्या: प्रश्न आणि उत्तर दुरुस्त करून सर्व केंद्रांना लेखी कळवावं. हे प्रकरण शिकून पास झालेल्यांची फेरपरीक्षा विनाशुल्क घ्यावी, त्यात प्रत्यक्ष आडवं करणं आणि 108 ला काय बोलायचं याचा सराव असावा. 14 जणांच्या फीमधला या प्रकरणापुरता भाग परत करावा. 15 दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे जाऊ. तोवर ही प्रमाणपत्रं आम्ही भिंतीवरून उतरवून ठेवली आहेत.

आपला,
खानावळ चालक, कोल्हापूर

सोबत: प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिकेची प्रत, फीच्या पावत्या