चिमणरावाचं भांडण, वर्धा ते बडनेरा

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन महिना झाला. कापूस वेचणीत हात अडकले होते, म्हणून उशीर. तूर बरी आहे, संत्र्याचं विचारू नको. आज लिहायला बसलो ते मात्र गाडीतल्या एका भांडणापायी.

परवा वर्ध्याहून बडनेऱ्याला पॅसेंजरनं निघालो. पुलगाव सोडलं आणि पुढं एका मालगाडीसाठी आमची गाडी तासभर उभी केली. समोर एक रिटायर मास्तर, खिडकीशी धोतरातला म्हातारा, आणि मांडीवर बोरांची पिशवी घेतलेली एक आजी. मास्तर सहज म्हणाले, "आताच्या मालिका म्हणजे नुसतं रडगाणं. मालिका होती ती 'चिमणरावांचे चऱ्हाट'."

म्हातारा खिडकीतून वळला. "चऱ्हाट नाही जी. नुसतं 'चिमणराव'. म्या सोता पाह्यलं."

"मी मराठी शिकवलं बावा तीस वर्षं!"

"म्हून काय झालं? मी टीव्ही पाहून राह्यलो होतो, तुमी पुस्तक वाचून राह्यले होते."

डबा हसला. मास्तर लाल. पण 'चऱ्हाट' नाही, एवढं तरी म्हाताऱ्याचं बरोबर होतं, कारण ते चिं. वि. जोशींच्या विनोदी पुस्तकाचं नाव. मालिका मुंबई दूरदर्शनची, सत्तरच्या दशकाच्या शेवटाची. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. तेव्हा टीव्हीचं चित्र मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात. आपल्याकडं गावागावात टीव्ही दिसायला लागला तो १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांनंतर. मग मास्तरांनी पाहिलं कुठं? म्हाताऱ्यानं नेमकं तेच विचारलं. मास्तर म्हणाले, "ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर, चौऱ्याऐंशीत." म्हातारा परळच्या गिरणीत होता. ८२ चा संप लांबला तसा हात हलवत गावी परतला. "तवा तं बंद होऊन वर्सं झालते, गुरुजी. चाळीत एकाच घरी टीव्ही होता. त्याच्या दारात चपलांचा ढीग पडे. आमी म्हनत होतो, चला, चिमणराव लागला."

मास्तर गप्प झाले. खोटं बोलत नव्हते रे ते. ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक डोक्यात इतकं मुरलं की त्याला चेहरे आले, आणि पुढं छापून आलेल्या फोटोंनी ते चेहरे पक्के केले. असं तुझंमाझंही झालं असेल.

एवढ्यात आजी म्हणाल्या, "थो चिमणराव तं तिरळा होता ना वं! म्या पाह्यला."

आता म्हातारा अडला. प्रभावळकर तिरळे कुठले? पण मला दुवा लागला. तिरळे होते दामुअण्णा मालवणकर. १९४२ च्या 'सरकारी पाहुणे' सिनेमात चिमणराव तेच होते. आजींनी तो जुना सिनेमा केव्हातरी टीव्हीवर पाहिला असावा. तोही काळा-पांढरा, मालिकाही काळी-पांढरी. मी हे सांगितलं तर म्हणाल्या, "मले काय करा लागते सिनेमा का काय! हसलो होतो आमी."

पलीकडच्या पोरानं मोबाईल काढला. "काका, 'चिमणराव गुंड्याभाऊ' लिहून येऊन राह्यलं." म्हातारा म्हणाला, "थो पिच्चर, १९७९ चा. तेच दोघं होते त्यात." मालिकेचंही हेच नाव पुष्कळ जण सांगतात, मग भांडण पुन्हा पेटलं. सिनेमानं मालिकेला नाव दिलं, की मालिकेनं सिनेमाला?

पोरगा म्हणाला, "मग पहिला भाग लावा ना, पाटी दिसन." तिथंच घोडं पेंड खातं, बंड्या. भाग आहेत कुठं? त्या काळी व्हिडिओ टेप महाग, म्हणून एकदा दाखवलेला कार्यक्रम पुसून त्याच टेपवर दुसरा घेत. घरी रेकॉर्ड करायची सोय कुणापाशी होती? मोजकेच भाग वाचले. पोराला हे पटेचना. "पुसलं म्हंजे? कॉपी नाही ठेवली?" म्हाताऱ्यानं त्याच्याकडं असं पाहिलं, जशी त्याची गिरणीच कुणी पुसली होती.

मालगाडी गेली, गाडी हलली. धामणगावला आजी उतरल्या. जाता जाता दोघांच्या हातावर मूठमूठ बोरं ठेवली. मास्तरांनी एक चावलं, किडकं निघालं, खिडकीतून फेकलं आणि म्हणाले, "तरी 'चऱ्हाट'च." म्हातारा चांदुरापर्यंत हसत होता.

आता तुझं काम. तुझा दादरचा मामा त्या काळी टीव्ही घेऊन बसला होता ना? सुरुवातीला पडद्यावर काय अक्षरं यायची, ते विचार. 'आठवत नाही' म्हणाला तर जोर करू नको, आणि 'पक्कं आठवतं' म्हणाला तर सिनेमा पाहिला होता का, तेही विचारून घे. पोस्टकार्डावर दोन ओळी पुरेत. मास्तरांचा पत्ता मी घेऊन ठेवलाय.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विन्या