सूचना : मामांच्या निरोपाचं भाषण

सर्व सभासदांना नमस्कार. शनिवारी आपल्या फौंड्रीतले मामा निवृत्त होत आहेत. मराठी भाषण तयार आहे, पण परदेशातल्या सहकाऱ्यांसाठी केलेलं इंग्रजी भाषांतर मी काल वाचलं आणि ते तसंच पाठवू नये असं ठरवलं.

पहिली चूक आदरार्थी बहुवचनाची. 'ते भट्टीजवळ उभे राहून आम्हाला शिकवत' याचं 'दे' झालं आहे. ऐकणाऱ्याला वाटेल, शिकवणारे बरेच जण होते. सगळीकडे 'ही' करा. त्यामुळे आदर कमी होत नाही, कारण इंग्रजीत तो सर्वनामातून दाखवतच नाहीत.

दुसरी नारळाची. 'शाल-श्रीफळ देऊन सत्कार' याचं नुसतं 'शाल आणि नारळ दिला' झालं आहे. तिकडच्यांना त्यातला मान कळणार नाही, म्हणून 'हा आमच्याकडे सन्मानाचा रिवाज आहे' एवढं अर्धं वाक्य जोडा. मराठी प्रतीतही कुणीतरी 'मामांना नारळ देऊन' लिहिलं आहे. ते आधी काढा. नारळ देणं म्हणजे कामावरून काढणं!

'मामा' मात्र तसंच ठेवा. 'अंकल' केलं की परकं वाटतं. आपले कन्नड सहकारी त्यांना मावा म्हणतात, तेही पहिल्याच ओळीत सांगू.

'आधारवड'साठी झाड नको. 'अडचणीत आम्ही सगळे त्यांच्याकडेच जायचो' असं साधं इंग्रजी करा.

दुरुस्त्या गुरुवारी संध्याकाळपर्यंत द्या. प्रत्येक मराठी परिच्छेदानंतर लगेच त्याचं इंग्रजी वाचू, म्हणजे सगळे एकाच वेळी टाळ्या वाजवतील.