मेंटेनन्स चौरस फुटावर, आणि लिफ्ट देवावर?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

सोसायट्यांच्या मेंटेनन्सवरून होणारी भांडणे बहुतेक एकाच वाक्यावर येऊन अडतात. मोठ्या फ्लॅटवाला म्हणतो, ‘सगळ्यांना सारखे लावा’. लहान फ्लॅटवाला म्हणतो, ‘चौरस फुटावर लावा’. आमच्या २४ फ्लॅटच्या इमारतीत सहा वर्षे खजिनदारी केल्यावर मी या मताला आलो आहे, की दोघेही अर्धेच बरोबर असतात. माझा स्वतःचा फ्लॅट लहान आहे. तेव्हा पुढचे लिहिणे माझ्याच खिशाच्या विरुद्ध जाते, हे आधी सांगून टाकतो.

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींनी बिल एका फटक्यात वाटलेले नाही, शीर्षवार वाटले आहे. वॉचमन, सफाई, हिशेबनीस, जिन्यातले दिवे हे सेवा शुल्क. ते प्रत्येक फ्लॅटला समान, कारण वॉचमन मोठ्या घराची जास्त राखण करत नाही. लिफ्ट चालवण्याचा आणि तिच्या देखभालीचा खर्चही त्या इमारतीतल्या सर्वांना समान, कोणी लिफ्ट वापरो वा न वापरो. तळमजल्यावरचे काका दरवर्षी सभेत उठून यावर आक्षेप घेतात. उपविधीत उत्तर लिहिलेलेच आहे. इमारतीचा दुरुस्ती निधी मात्र फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के. बांधकाम खर्च क्षेत्रफळाबरोबर वाढतो, म्हणजे हे दोन आकडे आपोआप चौरस फुटावर जातात. विमाही क्षेत्रफळाच्या प्रमाणात.

आमच्याकडे ४५० चौरस फुटांचे १२, ६५० चे ८ आणि ९०० चे ४ फ्लॅट आहेत. एकूण १४,२०० चौरस फूट. पाणीपट्टी आणि मालमत्ता कर वेगळा, बाकी सगळे सरसकट ४ रुपये फुटाने. महिन्याला जमायचे ५६,८००. खर्चाच्या वह्या काढून मी त्याची फोड केली. सेवा शुल्क ३१,२००, म्हणजे प्रत्येकी १,३००. लिफ्टचा वार्षिक देखभाल करार, म्हणजे एएमसी, आणि वीज ७,२००, प्रत्येकी ३००. बांधकाम खर्च आर्किटेक्टच्या दाखल्याप्रमाणे फुटाला १,५०० रुपये. त्याच्या एक टक्क्याने दोन्ही निधी मिळून १७,७५०. उरलेले ६५० विम्याचे. नियमाने वाटल्यावर ४५० फुटांचे बिल १,८०० वरून २,१८३ झाले, ६५० चे २,६०० वरून २,४४२, आणि ९०० चे ३,६०० वरून २,७६६. एकूण तेवढेच. माझे ३८३ रुपये वाढले. घरी त्यावर जे ऐकले ते इथे लिहीत नाही.

(अपार्टमेंट असेल, म्हणजे १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालचे, तर हिशेब निराळा. तिथे सामाईक खर्च घोषणापत्रातल्या अविभक्त हिश्श्याच्या टक्क्याने वाटला जातो. भांडायला उभे राहण्याआधी आपण सोसायटी आहोत की अपार्टमेंट, हे कागदावर बघून घ्यावे. निम्म्या लोकांना ते ठाऊक नसते.)

पण या वाटणीत एक भोक आहे, आणि आमची लिफ्ट नेमकी त्यातून खाली गेली. महिन्याचे ३०० रुपये एएमसी आणि विजेतच संपतात. करार ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’, म्हणजे सुट्या भागांसकट होता, पण काय वगळले आहे ते मागच्या पानावर बारीक अक्षरात होते. वायर रोपवर तांबूस भुकटी दिसू लागली होती. दोराच्या तारा आतल्या आत घासून गंजत असल्या की ती दिसते. केबिन मजल्याच्या दीड-दोन इंच वर थांबायची. मेकॅनिक दर खेपेला ब्रेक जुळवून जायचा. शेवटी कंट्रोलरचे कार्ड गेले आणि ते मॉडेल आता बनतच नाही असे कळले. लिफ्ट सात आठवडे बंद राहिली, आणि विशेष सभा बोलावून प्रत्येकी ५०,००० रुपये गोळा केले. दोन वर्षांपूर्वी फ्लॅट घेतलेल्या जोडप्याने जुन्या मालकांच्या अठरा वर्षांच्या फेऱ्यांचे पैसे भरले. फ्लॅट विकून गेलेल्यांनी एक पैसाही नाही. मला वाटते, समान की फुटावर या वादापेक्षा हा अन्याय मोठा होता.

‘सिंकिंग फंड होता ना?’ असे कोणीही विचारेल. होता. आमच्या इमारतीचा ०.२५ टक्क्याने वर्षाला ५३,२५० जमतो; आठ वर्षांचा सव्वाचार लाख. तो इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी आणि भारी दुरुस्तीसाठी ठेवायचा असतो. लिफ्टला दिला की पुढच्या पावसाळ्यात गच्चीकडे बघत बसायचे.

त्यामुळे या वेळी लिफ्टचा निधी वेगळा धरायचे ठरवले. इमारतीच्या दुसऱ्या जिन्याला असलेली लिफ्ट आजच्या भावाने १२ लाखांची आणि मेकॅनिकच्या अंदाजाने आणखी आठ वर्षे चालेल अशी धरली. ९६ महिन्यांत १२ लाख म्हणजे महिन्याला १२,५००. समान वाटले तर प्रत्येकी ५२१. फुटावर वाटले तर फुटाला ८८ पैसे: ३९६, ५७२ आणि ७९२.

कोणते बरोबर? देखभालीचा खर्च समान, असे उपविधी म्हणतात. मोठ्या दुरुस्तीचा निधी सर्वसाधारण सभेने क्षेत्रफळाच्या दराने ठरवावा, असेही म्हणतात. अख्खी लिफ्ट बदलणे ही देखभाल नव्हे, असे माझे मत, म्हणून फुटावर. उलट मत असणाऱ्यांचा मुद्दा अगदी टाकाऊ नाही. पण हे पैसे लागण्याच्या आधी, शांतपणे ठरवायचे असते. लिफ्ट बंद पडल्यावर प्रत्येकजण आपल्या मजल्यावरून मत देतो.

आणखी एक चूक मी स्वतः करणार होतो. १२,५०० हा आकडा आठ वर्षे तसाच ठेवला, भाव वर्षाला ५ टक्के वाढले आणि मुदत ठेवीवरही ५ टक्केच मिळाले, तर हातात सुमारे १४ लाख ७० हजार येतात आणि लिफ्ट १७ लाख ७० हजारांची झालेली असते. ठेवीचे व्याज भाववाढ भरून काढेल असे वाटते, पण शेवटच्या वर्षी भरलेल्या पैशांना व्याज मिळायला वेळच कुठे असतो? म्हणून वर्गणीही दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवायची. मग तूट चाळीस-पंचेचाळीस हजारांवर येते.

ठराव आम्ही चार ओळींत लिहिला: दर फुटाला ८८ पैसे, दर एप्रिलला ५ टक्के वाढ, ठेव वेगळ्या खात्यात, आणि फ्लॅट विकला तरी जमा झालेली रक्कम परत मिळणार नाही, ती फ्लॅटसोबत जाईल. शेवटच्या ओळीवर सभा पाऊण तास चालली. तळमजल्याच्या काकांनी विरोधी मत नोंदवायला सांगितले, ते नोंदवले आहे. पहिल्या महिन्याची वर्गणी त्यांनीच सगळ्यांत आधी भरली.

आपला,
एका सोसायटीचा माजी खजिनदार