वळवलेले कॉल आणि अर्धवट तपासणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फसवणुकीच्या बातम्यांबरोबर हल्ली एक सल्ला सर्वत्र फिरतो: आपले कॉल दुसऱ्या क्रमांकावर वळवले गेले आहेत का, हे पाहण्यासाठी फोनवर २१ चा कोड लावा आणि उत्तर ‘वळवलेले नाहीत’ असे आले, तर निश्चिंत राहा. दूरध्वनी केंद्रात मी अनेक वर्षे काम केले आहे आणि त्या अनुभवावरून सांगतो, की हा सल्ला चुकीचा नसला तरी अपुरा आहे. त्याने वळवण्याच्या चार प्रकारांपैकी एकच तपासला जातो. उरलेले तीन महिनोन्‌महिने तसेच राहू शकतात आणि फोनच्या मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

कोड कसे बनतात हे एकदा समजले, की ते पाठ करावे लागत नाहीत. मधली संख्या प्रकार सांगते. २१ म्हणजे आलेला प्रत्येक कॉल थेट दुसरीकडे, ६७ म्हणजे आपण दुसऱ्या कॉलवर असताना, ६१ म्हणजे घंटा वाजूनही उचलला नाही तर, आणि ६२ म्हणजे फोन बंद किंवा रेंजबाहेर असताना. संख्येआधीची चिन्हे काम सांगतात: दोन तारका आणि पुढे क्रमांक दिला की वळवणे सुरू होते, तारका व चौकट, म्हणजे # हे चिन्ह, दिली की केवळ चौकशी होते, आणि दोन चौकटी दिल्या की नोंद पुसली जाते. एकच चौकट दिली तर वळवणे थांबते, पण क्रमांक नोंदीत तसाच राहतो आणि पुढे चुकून नुसता तारकेचा कोड लागला तरी तोच क्रमांक पुन्हा लागू होऊ शकतो. म्हणून रद्द करताना दोन चौकटीच वापराव्यात.

आमच्या परिचयातील एका किराणा दुकानदाराची हकिकत येथे सांगण्यासारखी आहे. फोन दुरुस्तीला द्यायचा होता, म्हणून त्यांनी सर्व प्रकार एकदम लावणाऱ्या ००२ च्या कोडने आपले कॉल पुतण्याच्या क्रमांकावर वळवले. फोन परत आल्यावर कोणीतरी सांगितले म्हणून २१ ची नोंद पुसली. घंटा वाजू लागली आणि काम झाले असे सर्वांना वाटले. प्रत्यक्षात ६१, ६२ आणि ६७ च्या नोंदी तशाच होत्या. २१ लागू असताना या तिघांना काही काम नसते. ती काढताच त्या कामाला लागतात. पुढे पुतण्याने तो क्रमांक सोडला. बंद केलेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर कंपनी नव्या ग्राहकाला देऊ शकते आणि येथे तेच झाले. दुकानात असताना कॉल नीट येत. मळ्यात रेंज नसे, तेव्हा घरच्यांनी लावलेला कॉल एक अनोळखी माणूस उचलत असे. दुकानदारांनी नवा हँडसेट घेतला, तरीही तेच. कारण ही नोंद हँडसेटमध्ये नसते, ती कंपनीच्या यंत्रणेत आपल्या क्रमांकाच्या नावे असते. फोन बदलून, बंद करून किंवा ‘रीसेट’ करून ती जात नाही.

त्यांच्या फोनवर २१ ची चौकशी केली असता ‘वळवलेले नाहीत’ असेच उत्तर आले. ६२ ची चौकशी करताच पुतण्याचा जुना क्रमांक पडद्यावर दिसला. चौकशीचे चारही कोड असे आहेत:

```
*#21#
*#67#
*#61#
*#62#
```

रद्द करण्यापूर्वी ही चौकशी करून दिसणारे क्रमांक वहीत लिहून ठेवावेत, कारण पुसल्यावर कॉल कोठे जात होते याचा आपल्याजवळ पुरावा उरत नाही. दिसलेला प्रत्येक क्रमांक संशयास्पदच असतो असेही नाही. ६१ किंवा ६२ समोर कंपनीच्या व्हॉइसमेल अथवा मिस्ड कॉल कळवणाऱ्या सेवेचा क्रमांकही असू शकतो. उत्तरात ‘डेटा’, ‘फॅक्स’, ‘एसएमएस’ अशा ओळी दिसतात, त्या पाहून फोनवर कोणी पाळत ठेवत आहे असे समजू नये.

सर्व नोंदी एकदम पुसणारा कोड हा:

```
##002#
```

याने मिस्ड कॉल कळवणारी सेवाही बंद पडू शकते, ती हवी असल्यास कंपनीकडून पुन्हा घ्यावी लागते. जिओच्या क्रमांकावर मात्र वळवण्याचे कोड वेगळे आहेत. तेथे सर्व रद्द करण्यासाठी हा क्रमांक नेहमीच्या कॉलसारखा लावावा:

```
*413
```

फोनमध्ये दोन सिम असतील तर कोड कोणत्या सिमवरून गेला ते पाहावे. दुसऱ्या सिमच्या नोंदीला हात लागलेला नसतो, म्हणून सगळी तपासणी त्यावरही करावी लागते. काही वेळा पडद्यावर `Connection problem or invalid MMI code` असा संदेश येतो. याचा अर्थ रद्द झाले असा नाही, तर आज्ञा पोहोचलीच नाही असा आहे. अशा वेळी फोनच्या सेटिंगमधील ‘कॉल फॉरवर्डिंग’ उघडून प्रत्येक प्रकार बंद करावा. आयफोनच्या त्या मेनूत फक्त २१ चाच प्रकार असतो, त्यामुळे उरलेले तेथे दिसणारच नाहीत. हे दोन्ही मार्ग खुंटल्यास १९८ वर कंपनीकडे तक्रार नोंदवून चारही प्रकार काढण्यास सांगावे.

रद्द झाले की नाही याची खात्री करणे सोपे आहे. आपला फोन बंद करून दुसऱ्या फोनवरून कॉल लावावा. ‘फोन बंद आहे’ अशी सूचना ऐकू आली तर ६२ ची नोंद गेली. फोन चालू ठेवून कॉल वाजू दिला आणि कोणीही न उचलता तो संपला तर ६१ गेली. दुकानदारांच्या फोनवर आम्ही हेच करून पाहिले.

फसवणूक करणारा ‘पार्सलसाठी कोड लावा’ असे सांगून आपल्याकडून २१ चा कोड लावून घेतो, तेव्हा यंत्रणा हीच असते. एसएमएस वळत नाहीत, पण व्हॉट्सॲप किंवा बँक आवाजी कॉलवरून जो संकेतांक सांगते, तो त्याच्या कानी पडतो. असे घडले असेल तर रद्द करण्याबरोबरच १९३० वर कळवावे. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून यूएसएसडीद्वारे, म्हणजे फोनवर कोड लावून, कॉल वळवण्याची सोय स्थगित ठेवण्यास कंपन्यांना सांगितले होते, हे खरे. तरीही सेटिंगमधून वळवता येते आणि जुन्या नोंदी आपोआप गेल्या असे मानणे धोक्याचे आहे.

माझी कंपन्यांना एक विनंती आहे. पैसे वळते झाले की बँकेचा संदेश येतो, त्याप्रमाणे कॉल वळवण्याची कोणतीही नोंद झाली, की तिचा प्रकार आणि क्रमांक सांगणारा संदेश मराठीतून त्याच ग्राहकाला जावा. एसएमएस वळत नसल्यामुळे तो योग्य माणसापर्यंतच पोहोचेल. आपल्या दैनिकाने ही मागणी त्यांच्यापुढे मांडावी, अशी नम्र विनंती करतो.

आपला,
एक निवृत्त दूरध्वनी कर्मचारी, सातारा