'मानसिक आरोग्यावरचे चित्रपट' या यादीबद्दल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत मानसिक आरोग्यावरच्या चित्रपटांची यादी आली होती. ती मी कापून ठेवली. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. नातेवाइकांना हा आजार समजावून सांगता सांगता मी थकते, तेव्हा एखादा चित्रपट लावावा आणि सगळ्यांनी बसून पाहावा असं मला फार वाटतं. यादीतला पहिलाच चित्रपट लावला आणि अर्ध्या तासात बंद करावा लागला. नायकाच्या अंगात दोन माणसं, त्यातलं एक खुनी, आणि आपल्या यादीत त्यापुढे लिहिलेलं होतं : स्किझोफ्रेनिया.

ही चूक इतकी जुनी आहे की तिचा उगम सांगायला हवा. 1908 साली स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी ग्रीक शब्दांवरून हे नाव बनवलं. त्याचा अर्थ होतो दुभंगलेलं मन. त्यांना म्हणायचं होतं की विचार, भावना आणि वागणं यांची एकमेकांशी असलेली सांगड सुटते. एका देहात दोन व्यक्ती राहतात, असं त्यांना म्हणायचं नव्हतं. आपला 'छिन्नमनस्कता' हा शब्दही त्याच घोळात पाडतो. व्यक्तिमत्त्व दुभंगण्याचा विकार निराळा आहे आणि त्याचाही खुनाशी संबंध जोडायचं कारण नाही. स्किझोफ्रेनियात माणसाला बहुधा आवाज ऐकू येतात, आपल्यावर कुणीतरी पाळत ठेवतंय असे पक्के समज होतात. बहुतेक रुग्ण कुणालाही इजा करत नाहीत. उलट त्यांनाच इतरांकडून त्रास होण्याची शक्यता जास्त असते.

मग बरा चित्रपट कसा ओळखायचा? निर्दोष चित्रपट शोधू नये, असं माझं मत झालं आहे. त्यात सत्य कुठे वाकवलंय ते आपल्याला माहीत असावं, म्हणजे पाहणाऱ्यांना ते आधीच सांगता येतं. 'अ ब्यूटिफुल माइंड' (2001) याच कारणासाठी मी निवडला. तो गणितज्ञ जॉन नॅश यांच्यावर आहे. 1994 सालचं अर्थशास्त्राचं नोबेल ज्यांना विभागून मिळालं, ते हे नॅश. चित्रपटाचा पहिला मोठा भाग आपण त्यांच्याच डोळ्यांनी पाहतो. खोलीतला मित्र आपल्यालाही खरा वाटतो आणि तो नाहीच हे कळतं तेव्हा आपल्याही पायाखालची जमीन सरकते. "त्याला समजावून सांगा ना, असं काही नाही म्हणून" असं सांगणाऱ्या पाहुण्यांसाठी या प्रसंगासारखं दुसरं औषध नाही. ज्याला दिसतंय त्याला ते दिसतंच आहे, हे त्यांना तिथे कळतं.

पण चित्रपट जसं दाखवतो तसं नॅश यांना झालं नव्हतं. त्यांना माणसं दिसत नसत, आवाज ऐकू येत. पडद्यावर आवाज दाखवणं अवघड, म्हणून माणसं उभी केली, हे समजण्यासारखं आहे. तरी तो चित्रपट पाहिलेले लोक माझ्या भावाला विचारतात, "तुला कोण दिसतं?" त्याला कुणी दिसत नाही. तो म्हणतो, भिंतीपलीकडे दोघं आपल्याबद्दल बोलतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. चित्रपटातले उतारवयातले नॅश आपण नव्या प्रकारची औषधं घेत असल्याचं सांगतात. खऱ्या नॅश यांनी 1970च्या सुमारास औषधं कायमची थांबवली होती. सुधारणा पुढे अनेक वर्षांनी, हळूहळू झाली. हे त्यांच्या बाबतीत घडलं, सगळ्यांच्या बाबतीत घडत नाही. औषध अचानक सोडल्यावर आजार उलटतो, हे आम्ही घरात दोनदा पाहिलंय. त्यामुळे हा बदल मला खटकत नाही. मात्र भावाबरोबर पाहण्याआधी मी त्याला खरी हकिगत सांगितली, कारण त्याने ती पुढे कुठेतरी वाचली असती आणि आमच्यावरचाच त्याचा विश्वास गेला असता. पत्नीच्या प्रेमाचं चित्रही असंच सरळ केलेलं आहे. प्रत्यक्षात 1963 साली त्यांचा घटस्फोट झाला. पुढे अलिशिया यांनीच त्यांना पुन्हा आपल्या घरात आसरा दिला आणि 2001 मध्ये दोघांनी परत लग्न केलं. खरी गोष्ट मला जास्त धीर देते. सांभाळणारा माणूस दमू शकतो, दूर जाऊ शकतो, परत येऊ शकतो.

चित्रपटांत सर्वांत कमी काय दिसत असेल, तर काहीच न घडणारे दिवस. आवाज आणि संशय औषधाने पुष्कळदा आटोक्यात येतात, पण त्याला काही आठवडे लागू शकतात. आवाज थांबल्यावरही माणूस अंथरुणातून उठत नाही, आंघोळ टाळतो, चेहऱ्यावर काही उमटत नाही, एका शब्दात उत्तर देतो. हाही आजाराचाच भाग असतो आणि यावर औषधाचा गुण कमीच येतो. नातेवाईक याला आळस म्हणतात. चित्रपट हे वगळतात, कारण त्यात नाट्य नाही. म्हणून मी आता चित्रपट निवडताना मधला तास पाहते. पहिला झटका आणि शेवटचा प्रसंग यांच्यामध्ये माणूस जेवताना, झोपताना, गोळी घेताना, कंटाळलेला दिसतो का? औषधाने येणारी सुस्ती, वाढणारं वजन, हातांची थरथर यांपैकी काही दिसतं का? की दवाखाना म्हणजे किंचाळणं आणि कुलपं, एवढंच?

मराठीत मला सर्वांत जवळचा वाटला तो सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (2004). अतुल कुलकर्णी यांचा शेष आणि सोनाली कुलकर्णी यांनी केलेली त्याची बहीण सीना. मी बहीण आहे म्हणून असेल, पण मी तो सीनाकडे बघत पाहिला. आजारी माणूस घरात आला की भावाची माया आणि स्वतःचा संसार यांत बाई कशी ओढली जाते, ते त्यात आहे. चित्रपट संपल्यावर आमचे काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी मला विचारलं, "तू कधी झोपतेस गं?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

एक सावधगिरीही सांगते. आजार जोरावर असताना रुग्णाला असा कुठलाही चित्रपट दाखवू नये. पडद्यावरचा कट त्याच्या स्वतःच्या कटात सहज मिसळून जातो. आणि चित्रपटात आत्महत्या असेल तर घरच्यांनी तो आधी एकट्याने पाहावा. अशा प्रसंगात कृतीची पद्धत तपशिलाने दाखवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने चित्रपटकर्त्यांसाठी 2019 साली काढलेल्या पुस्तिकेत म्हटलं आहे. परीक्षण लिहिणाऱ्यांनीही तो तपशील लिहू नये.

आपल्याला विनंती अशी, की यापुढे अशी यादी छापण्याआधी ती एखाद्या मनोविकारतज्ज्ञाला आणि या आजारातून गेलेल्या एखाद्या माणसाला वाचायला द्यावी. प्रत्येक चित्रपटापुढे आजाराचं नाव तपासून घालावं, आणि शेवट खुनाने, चमत्काराने की मृत्यूने होतो ते एका ओळीत आधीच सांगावं. शेवट कळल्याने काहींचा रसभंग होईल. आमच्यासारख्या घरांना ती ओळ हवी आहे.

आपली,
एका रुग्णाची बहीण