क्रियापद कुठे बसवायचं

चि. रोहन,
अनेक आशीर्वाद.

सहा महिन्यांत जर्मनची बी1 पातळी होईल का, असं तू परवा विचारलंस. मी तीस वर्षं जर्मन शिकवली, म्हणून आधी हिशेब सांगते. शून्यापासून बी1 पर्यंत साधारण 350 ते 650 तासिका लागतात, असं ग्योथे इन्स्टिट्यूट सांगतं, आणि त्यांची तासिका 45 मिनिटांची असते. तू सोमवार ते शुक्रवार रोज दीड तास, शनिवारी अडीच तास आणि रविवारी दोन तास काढलेस, तर आठवड्याचे बारा तास होतात. 26 आठवड्यांत 312 तास, म्हणजे 416 तासिका. हे जमण्यासारखं आहे, पण हातात सवड फार थोडी उरते. चाकणची शिफ्ट बदलली की दीड तास सगळ्यात आधी कापला जातो, म्हणून सकाळचा एक तास घरून निघण्यापूर्वीच उरकत जा.

पहिले दोन महिने ए1, पुढचे दोन ए2, शेवटचे दोन बी1. पुस्तक एकच घे. सोबत डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा मोफत अभ्यासक्रम आहे, तो ए1 ते बी1 पर्यंत जातो. शब्द शिकताना त्याचं लिंग सांगणारं देअर, दी किंवा दास त्याच्यासोबतच वहीत लिही. मी विद्यार्थिनी होते तेव्हा नुसते शब्द पाठ केले आणि दुसऱ्या वर्षी सगळे पुन्हा पाठ करावे लागले. मराठीतली तीन लिंगं इथे फारशी उपयोगी पडत नाहीत. आपला सूर्य 'तो', त्यांची झोनं 'दी'.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही मुलं जर्मन इंग्रजीमार्गे शिकता आणि तिथेच अडकता. हे वाक्य बघ: 'इश ब्लाइबं त्सू हाउझं, वाइल इश क्रांक बिन.' मी घरी राहतो, कारण मी आजारी आहे. 'बिन' शेवटी आणि आपलं 'आहे'ही शेवटी. इंग्रजीच्या वळणाने जाणारा 'वाइल इश बिन क्रांक' लिहितो, आणि तपासणारा तिथेच लाल रेघ मारतो. 'कारण'चा वाइल, 'की' अर्थाचा दास, 'जर'चा वेन असे जोडशब्द आले की मराठीत विचार कर, क्रियापद आपोआप शेवटी जाईल.

साध्या वाक्यात मात्र मराठी घात करते. तिथे क्रियापद दुसऱ्या जागी हवं. 'हॉयटं गेहं इश इन्स ब्यूरो', म्हणजे शब्दशः 'आज जातो मी ऑफिसात'. कानाला विचित्र वाटतं, म्हणूनच रोज मोठ्याने दहा वाक्यं म्हण. प्रत्येकाची सुरुवात वेळेने कर: आज, काल, सकाळी, रविवारी.

तिसऱ्या महिन्यात गाडी अडेल. भूतकाळ आणि विभक्ती एकदमच येतात, समजतं सगळं पण बोलताना तोंड उघडत नाही. याची परीक्षा अशी: काल काय केलंस ते दोन मिनिटं फोनवर रेकॉर्ड कर. 'गेस्टर्न बिन इश नाख मुंबई गेफारन' म्हणताना भूतकाळाला हाबं लावायचं की बिन यावर थांबलास, तर पुढचा धडा घेऊ नकोस. त्या आठवड्यात फक्त जाणं-येणं-राहणं यांचीच वाक्यं कर.

पाचव्या महिन्यापासून दर रविवारी एक मेल लिही, साधारण 80 शब्दांची, वीस मिनिटांत. ग्योथेच्या बी1 परीक्षेत लेखनाच्या पहिल्या प्रश्नात बहुधा असंच येतं. समजा वाढदिवस झाला आणि मित्र आला नाही. कार्यक्रम कसा झाला ते सांग, कोणती भेट आवडली आणि का ते सांग, आणि भेटायची वेळ सुचव. नीट बघ: पहिल्या मुद्द्याला भूतकाळ लागतो, दुसऱ्याला वाइल, तिसऱ्याला 'शकणं' अर्थाचं क्योनन. सहा महिन्यांचं व्याकरण त्या तीन मुद्द्यांत आहे. तिन्ही मुद्दे यायलाच हवेत, एक सुटला तर भाषा कितीही चांगली असली तरी गुण जातात.

परीक्षेचे वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग असतात, प्रत्येकी 100 गुण, उत्तीर्ण व्हायला 60. एखादा राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो, म्हणून एका भागाच्या भीतीने पूर्ण परीक्षा पुढे ढकलू नकोस. संभाषणात दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं असतं. त्याला जोडीदार लागतो, तो चौथ्या महिन्यातच शोध. मिळाला नाही तर मी आहे.

रविवारची मेल मला वहीचा फोटो काढून पाठव. दुरुस्त करताना मी फक्त क्रियापदांखाली रेघा मारीन, बरोबर शब्द तूच लिहायचास.

तुझी,
आई